रिकामी यादी

“सर, अजून काहीच कसं नाय आलं?”

नानासाहेबांचा हा आठवड्यातला तिसरा फोन होता. अनंतराव हर्सूलच्या आपल्या फ्लॅटच्या गॅलरीत उभे होते. खाली टँकरवाला आणि वॉचमन यांची नेहमीची हुज्जत चालली होती.

“आलं की लगेच कळवतो, नानासाहेब. माझा संगणक दिवसातून दोनदा बघतो.”

“तसं नाय सर, कालिजातून हास्टेलचं विचारायलेत. त्या न्यासाची शिष्यवृत्ती भेटली तर पोरगी जाईल. नायतर अवघडच हाय. यंदा कपाशी गुडघ्याच्या वर सरकंना.”

“मोनिकाचं काम माझ्याकडे आहे. तुम्ही घोर लावून घेऊ नका.”

फोन ठेवला, पण घोर मात्र अनंतरावांनाच लागला. ऑगस्ट संपत आला होता. मागच्या वर्षी न्यासाच्या शिष्यवृत्तीची सूचना ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात निघाली होती.

सोयगाव तालुक्यातल्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं गणित शिकवून ते निवृत्त झाले होते. शिष्यवृत्त्यांच्या सूचना निघायच्या शहरात, वेबसाइटवर, आणि गावात कळायच्या मुदत संपल्यावर. याचा त्यांना नोकरीतही संताप यायचा. मग एकोणसाठाव्या वर्षी त्यांनी व्हिडिओ बघून पायथॉन ही संगणकाची भाषा शिकायला घेतली. ओळीच्या सुरुवातीची एक मोकळी जागा चुकली तरी संगणक अडून बसायचा आणि ते त्याच्यावर डाफरायचे. “विद्यार्थी म्हणून तुम्ही अगदीच ढ असणार,” असं पत्नी दमयंतीबाई म्हणायच्या आणि चहा ठेवून जायच्या.

त्यांची पहिली स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, सतरा वेबसाइटची पानं उतरवून घ्यायची आणि कालच्या पानाशी ताडून बघायची. फरक दिसला की त्यांना ईमेल. पण बऱ्याच पानांच्या तळाशी किती लोकांनी भेट दिली त्याचा आकडा असतो, आणि तो रोजच बदलतो. त्यामुळे रोज सतरापैकी नऊ ठिकाणी बोंब उठायची. अनंतरावांनी दोनदा गावच्या ग्रुपवर उगीचच आनंद जाहीर केला आणि दोनदा माफी मागितली. मग त्यांनी स्क्रिप्ट बदलली. आता ती पानातल्या सूचनांच्या लिंक तेवढ्या वेचायची आणि आजच्या यादीतून जुन्या सगळ्या लिंक वजा करायची. उरेल ते नवं. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला ती आपोआप चालायची, आणि प्रत्येक फेरीची नोंद एका फाइलीत पडायची. ही वजाबाकी सुचली त्या दिवशी त्यांना केवढा अभिमान वाटला होता! वर्षभरात एकही खोटी बोंब उठली नव्हती.

आज मात्र ते खुर्चीत बसले आणि स्क्रिप्ट हाताने चालवली. न्यासाच्या नावापुढे उमटलं: नवीन शून्य. पान मिळालं का? मिळालं, सर्व्हरचं उत्तर दोनशे, म्हणजे सगळं ठीक. तरी चैन पडेना. कितीतरी आठवड्यांनी त्यांनी ती वेबसाइट ब्राउझरमध्ये स्वतः उघडली.

रंगरूप पार बदललं होतं. आणि यादीत सगळ्यात वर होती तीच सूचना: दुष्काळी तालुक्यांतल्या, यंदा बारावी पास झालेल्या विद्यार्थ्यांसाठी. नऊ ऑगस्टला निघालेली. मुदत परवा संपली होती.

“अहो, काय झालं?” दमयंतीबाई दारातून म्हणाल्या.

ते पुन्हा स्क्रिप्टवर तुटून पडले. आजच्या यादीत लिंक किती, ते छापायला सांगितलं. शून्य. आता सगळा उलगडा झाला. नव्या वेबसाइटचं पान आधी पोकळ येतं आणि सूचनांची यादी ब्राउझर मागाहून दुसऱ्या पत्त्यावरून आणून त्यात भरतो. त्यांची स्क्रिप्ट ते पोकळ पान घेऊनच परत फिरत होती. लिंक शून्य, त्यातून जुन्या लिंक वजा, बाकी शून्य. चूक म्हणावी असं काही घडलंच नव्हतं, म्हणून तक्रारही आली नव्हती. नोंदवहीच्या फाइलीत जुलैअखेरपासून रोज दोनदा ‘नवीन शून्य’ उमटत होतं, आणि ते वाचून अनंतराव निवांत झोपत होते.

न्यासाच्या कार्यालयातल्या बाईंनी त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि नकारही दिला.

“अर्ज घेणं आपोआप बंद होतं, सर. एकाला उघडलं तर सगळ्यांना उघडावं लागेल.”

“मग पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षी पुढच्या वर्षीचे बारावी पास.”

दुसऱ्या दिवशी ते एसटीने गावाला गेले. फोनवर सांगायला त्यांची जीभ रेटेना. मोनिकाच्या आईने, मनकर्णाबाईंनी चहा केला. मोनिका समोर बसली. अनंतरावांनी कागद काढला आणि तिला सगळं समजावून सांगितलं. पळवाट ठेवली नाही.

“पण सर, एरर का नाही आला?”

“रिकाम्या यादीला संगणक चूक मानत नाही.”

मोनिका कागदाकडे बघत राहिली. “नववीत तुम्हीच शिकवलं होतं ना? रिकाम्या संचातून काहीही वजा करा, रिकामाच राहतो.”

ती टोचून बोलली नव्हती. तिला ते आठवलं, एवढंच. पण अनंतरावांना ते फार लागलं. एकतीस वर्षं त्यांनी हेच फळ्यावर लिहिलं होतं.

“तुमचा काय दोष, सर,” नानासाहेब म्हणाले. “तुमी फुकट करायलेत समद्या गावासाठी. पयले मी दर सोमवारी सोयगावला जाऊन नेटच्या सेंटरवर बघत होतो. तुमी बघायलेत म्हनल्यावर बंद केलं. माझंच चुकलं.”

“असं म्हणू नका,” अनंतराव म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मोनिकाचं इंजिनिअरिंग राहिलं. ती बजाजनगरला पारूबाई मावशीकडे राहायला आली आणि वाळूजच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली.

अनंतरावांनी स्क्रिप्ट दुरुस्त केली. यादी कोणत्या पत्त्यावरून येते ते ब्राउझरमध्ये शोधून थेट तिथूनच मागवू लागले. लिंक शून्य आल्या, किंवा कालच्या निम्म्याहून कमी आल्या, तर ‘माझ्यावर विसंबू नका’ असा ईमेल येईल अशी सोय केली. मग ग्रुपवर आपली चूक सविस्तर लिहिली आणि सतरा जणांना विनंती केली: प्रत्येकाने एकेक वेबसाइट रोज स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आणि काही नसलं तरी तसं कळवायचं. न्यासाची वेबसाइट कुणी मागायच्या आत मोनिकाने घेतली. अनंतरावांना ते बरं वाटलं नाही, पण तिला नको म्हणायचा धीरही झाला नाही.

तिचा संदेश रोज जेवणाच्या सुट्टीत यायचा. पाहिलं सर, काही नाही. तो हिवाळा गेला, जनावरांच्या छावण्यांचा उन्हाळा गेला, हर्सूलला नळ आठव्या दिवशी यायला लागला, तरी तिचा एक दिवस चुकला नाही.

ऑगस्टातल्या एका दुपारी संदेशाऐवजी तिचा फोनच आला. मागे यंत्रांचा खडखडाट होता.

“सर, निघाली. आत्ताच. मुदत एकतीसपर्यंत आहे. पोरांना कळवा.”

स्क्रिप्ट संध्याकाळी सहाला चालणार होती. तिने साडेचार तास आधी गाठलं होतं.

“मोनिका, बाळा...”

“सर, सुट्टी संपली, ठेवते. अजून एक सांगा पोरांना, उत्पन्नाचा दाखला याच वर्षीचा लागतोय. मी सगळी सूचना वाचली. माझ्याकडं मागच्या वर्षीचा तयार होता, पण तो आता चालत नाही.”

फोन बंद झाला. अनंतरावांनी चष्मा पुसला आणि ग्रुपवर लिहायला घेतलं. लिंक टाकली, मुदत टाकली. खाली लिहिलं: उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचाच हवा, तहसिलात आजच अर्ज करा. मग ते गावातल्या यंदा बारावी पास झालेल्या बावीस मुलांना एकेक करून फोन लावत बसले.