बोटाला नव्व्याण्णव

मी कालिंदी. मंगळवार पेठेत वीस खाटांचा दवाखाना हाय, तिथं तातडीच्या खोलीत सिस्टर. बावीस वर्षं झाली. तोंडानं फटकळ हाय, म्हणून माझ्या मागनं आलेल्या पोरी पुढं गेल्या आणि मी तिथंच हाय. गेल्या तर गेल्या. आमच्या डॉक्टरला माझ्या डोळ्यादेखत मारलं, ते जसं झालं तसं सांगते. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

मारणारा बाळासो. आमच्याच मागच्या गल्लीतला, तालमीत घुमलेला, शंभर किलोचा गडी. माणूस वाईट न्हाय, हे बी सांगायलाच पायजे. कोरोनात मंडळानं बोटाला लावायची मशिनं वाटली, तवा ह्यानं दारोदार फिरून लोकांची बोटं तपासली. चौऱ्याण्णवच्या खाली आकडा दिसला की माणूस उचलायचा, रिक्षात घालायचा, खाट मिळवायचा. धा-बारा जीव त्यानं वाचवले, खोटं कशाला बोलू? तवापासनं पेठेत त्याला गमतीनं डॉक्टरच म्हणायला लागले. त्याला बी ते खरं वाटाय लागलं, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

डिसेंबरातली सकाळ, नऊ वाजले असतील. बाळासो त्याच्या बहिणीला, भैरवीला, दोन्ही हातांवर घेऊन आत घुसला. मागं तालमीतली सहा-सात पोरं. पोरीचे केस ओले, अंगाभोवती चादर गुंडाळलेली, हात कोपरापर्यंत मेंदीनं भरलेले. दुसऱ्या दिवशी तिचा साखरपुडा होता.

"न्हाणीत पडली," बाळासो म्हणाला. "दार फोडून काढली. काय काळजी न्हाय. आदी मशीन लावलं तर आकडाच येईना, बोटं गार आणि मेंदीनं काळी. मग चोळून गरम केली, मेंदी नसलेलं बोट धरलं. नव्व्याण्णव! उपास केलता, चक्कर आली आसंल. एक सलाईन लावा आणि सोडा. दुपारी पावणं यायचं हायत."

डॉक्टर सोमेश तिच्यावर वाकले. गडहिंग्लजकडचं पोरगं, तीस बी पुरी न्हाईत. बोलायला इतकं मऊ की मीच कधी कधी ओरडायची, सर, जरा आवाज काढा की. भैरवी कण्हत होती, डोळे उघडत नव्हती, चादरीवर उलटी झालेली. आमचं मशीन लावलं. नव्व्याण्णवच.

"गीझर गॅसचा हाय?" सरांनी विचारलं.

"व्हय."

"न्हाणीतच?"

"मग काय गच्चीवर?"

"खिडकी?"

"थंडीत कोण उघडतंय? पुठ्ठा ठोकलाय."

सर झटक्यात सरळ झाले. "सिस्टर, पिशवीचा मास्क. पंधरा लिटर. आणि मोठ्या हॉस्पिटलला फोन लावा, ॲम्ब्युलन्स पाठवा म्हणावं."

मी मास्क चढवला. फोन लावायला वळले आणि बाळासोचा चेहरा बघितला. त्याचा बाप कोरोनात असल्याच मास्कखाली गेलता, माझ्याच ड्युटीला. मला ते आठवलं, पण तवा मी त्याला काय बोलले न्हाय. बोलायला पायजे होतं.

"नव्व्याण्णवला ऑक्सिजन?" तो म्हणाला. "खुळं समजतासा काय आमाला? पंच्याण्णवच्या वर माणूस ठणठणीत, हे तुमीच सांगत होता की!"

"ऐकून घ्या," सर म्हणाले. "हे मशीन बोटातनं दोन उजेड सोडतं आणि रक्ताचा रंग बघतं. रक्तातल्या जागा किती भरल्यात, तेवढंच त्याला कळतं. एसटीच्या सगळ्या सीटा भरल्यात म्हणून सांगतं, पण सीटवर प्रवासी बसलाय का पाकीटमार, ते त्याला कळत न्हाय. गीझरचा विषारी वायू रक्तात नेमका ऑक्सिजनच्याच जागेवर बसतो आणि उठता उठत न्हाय. ते रक्त बी लालच दिसतं, म्हणून मशीन नव्व्याण्णव दाखवतं. आतनं पोरगी गुदमरतीया. खरं मोजायचं मशीन मोठ्या हॉस्पिटलात हाय, आपल्याकडं न्हाय."

"वायू? आमाला कसला वास आला न्हाय!"

"त्याला वास नसतोच. धूर बी दिसत न्हाय. बरं, मला आदी सांगा, न्हाणीत तिच्याबरोबर..."

पुढचा शब्द तोंडात राहिला. बाळासोनं बुक्की मारली ती थेट नाकावर. आवाज मला ऐकू आला. सर भिंतीवर आदळले, खाली बसले, आणि पांढऱ्या ॲप्रनवर रक्ताची धार लागली.

"माझ्या बापाला असंच खाल्लंत!" बाळासो ओरडला, आणि भैरवीच्या तोंडावरचा मास्क उपटून फेकला. "चल गं, घरला चल!"

मग जे सुरू झालं, ते मारामारी न्हवतं. मारामारीत दोन बाजू असतात. पोरांनी सलाईनचा स्टँड उचलला आणि औषधांच्या कपाटावर घातला. काचा झाल्या. एकानं सरांच्या पोटात लाथ मारली, दुसऱ्यानं केस धरून डोकं फरशीवर आपटलं. "अव्वाऽ!" असं सर ओरडले. त्यांच्या घरात आईला अव्वा म्हणतात. तिशीला टेकलेला डॉक्टर आईला हाक मारतोय, आणि मी फोन हातात धरून उभी. राग असा डोक्यात गेला की काय सांगू.

स्टीलचा ट्रे हाताला लागला. मी बाळासोच्या कानशिलावर तो सगळी ताकद लावून हाणला. "मुडद्या! बहीण मारतोस काय?" तो हलला बी न्हाय. नुसतं वळून बघितलं आणि मला एका हातानं ढकललं. मी खाटेच्या दांड्यावर पडले. बरगडी मोडली ते संध्याकाळी कळलं.

आणि सर काय करत होते? सांगितलं तर खरं वाटणार न्हाय. रांगत गेले, मास्क उचलला, खाटेला धरून उठले आणि भैरवीच्या तोंडावर मास्क दाबून तिच्यावर आडवे पडले. पाठीवर लाथा बसत होत्या. कोपरावर स्टँडचा पाईप बसला, हाड मोडलं, हात लोंबायला लागला, तर दुसऱ्या हातानं मास्क धरला. शिवी न्हाय, रडणं न्हाय. नुसतं म्हणत होते, "दहा मिनिटं. फक्त दहा मिनिटं द्या."

मी उठून परत ट्रे हाणला. त्या वेळी बाळासोच्या भुवईतनं रक्त आलं. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

वीस मिनिटं हे चाललं. मागनं घड्याळ बघितलं म्हणून सांगते. वरच्या वॉर्डातले नातेवाईक खाली धावले, आमच्या वॉर्डबॉय मामांनी पोरांना बाहेर ढकलून शटर अर्धं ओढलं, तवा कुठं हात थांबले. बाळासो तेवढा आत उरला, धापा टाकत, बहिणीच्या खाटेपाशी.

आणि भैरवीनं डोळे उघडले.

मास्कच्या आतनं खोकली. भावाकडं बघितलं. ओठ हलले. मी मास्क जरासा वर केला.

"शांभवी?" ती म्हणाली. "शांभवी कुठं हाय?"

शांभवी म्हणजे बाळासोची आणि त्याच्या बायकोची, तेजस्वीची, लेक. चार वर्षांची.

"घरात हाय की," बाळासो म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झालता. "तुझ्यासंगं न्हाणीत होती न्हवं? तुझ्या आदी बाहेर आली, मग ओकली, रडली. मग डोळ्यावर झापड आली. तेजस्वीनं थोपटून झोपवलंय. मी स्वतः मशीन लावलं निघायच्या आदी. शंभर आलं. शंभर!"

सर फरशीवर टेकून बसलेले. नाक सुजून एक डोळा मिटलेला. ते म्हणाले, "ती झोपलेली न्हाय, बाळासो. मी तेच विचारत होतो."

बाळासोला कळायला दोन श्वास लागले. मग असा पळाला की दारातली खुर्ची त्यानं बाजूला सारली न्हाय, तुडवली. मी खिडकीतनं बघितलं. त्याचीच पोरं त्याला अडवायला धावली, काय झालं म्हणून, आणि त्यानं आपल्याच माणसांना गुद्दे घालून वाट काढली.

चार मिनिटांत परत आला. शांभवी त्याच्या खांद्यावर, मान लुळी. अंगात फ्रिलचा नवा फ्रॉक, आत्याच्या साखरपुड्याचा. न्हाणं झाल्या झाल्या हट्टानं घालून घेतलेला. मागनं तेजस्वी अनवाणी ओरडत आली, "उठत न्हाय! मघापासनं हाक मारतीया, उठत न्हाय!"

खाटेवर ठेवली आणि पोरीला झटके सुरू झाले. मी सवयीनं बोटाला मशीन लावलं. शंभर. माझ्याच हातातलं ते मशीन मी भिंतीवर फेकून मारलं.

सरांचा एक हात निकामी. दुसऱ्या हातानं त्यांनी पोरीची हनुवटी उचलून धरली, मी पिशवी दाबून श्वास देत राहिले. झटक्याचं औषध फुटलेल्या कपाटात काचांत पडलेलं, ते बाळासोनं उघड्या हातानं शोधून दिलं. हात सोलून निघाले. त्यानं बघितलं बी न्हाय. मामांनी फोन करून मागवलेल्या दोन ॲम्ब्युलन्स आल्या. एकीत आत्या, एकीत भाची.

भैरवी जगली. शांभवी तिसऱ्या दिवशी पहाटे गेली.

मोठ्या हॉस्पिटलात त्यांच्या मशीनवर खरा आकडा निघालता. पोरीच्या रक्तातल्या जवळपास निम्म्या जागा त्या वायूनं धरलेल्या. तेबी वाटेत ऑक्सिजन दिल्यावर.

आठवड्यानं तालमीचे वस्ताद, जोतीराम आण्णा, दवाखान्यात आले. तक्रार मागं घ्या म्हणाले, लेकरू गेलंय त्याचं, अजून काय शिक्षा देतासा? सर हात गळ्यात बांधून बसलेले, मान डोलवत होते. त्यांनी सोडलंच असतं. मी म्हटलं, "आण्णा, माझी सही हाय त्या जबाबावर. मी न्हाय पुसणार. लेकरू गेलं म्हणून दुसऱ्याच्या लेकराचं मोडलेलं हाड जुळत न्हाय."

बाळासो आण्णांच्या मागं दारात उभा होता. दाढी वाढलेली, भुवईवर माझ्या ट्रेचे टाके. त्याला कुणी बोलावलं न्हवतं. तो सरांसमोर आला.

"डॉक्टर. मी ती वीस मिनिटं घातली नसती तर? मारलं नसतं, तुमी विचारलं असतं, मी तवाच जाऊन आणली असती, तर?"

सर लगेच म्हणाले, "तसं सांगता येत न्हाय, बाळासो. लहान जीव होता. घरातच बराच वेळ गेलता."

बाळासोनं ऐकून घेतलं. मग माझ्याकडं बघितलं. पेठेत सगळ्यांना ठाऊक हाय, कालिंदी सिस्टर गोड बोलत न्हाय.

सर डोळ्यानं मला खुणावत होते. नको, म्हणून. मला दिसत होतं. त्या घटकेला मला शांभवीची लुळी मान दिसली, आणि सरांचं 'अव्वा' ऐकू आलं, आणि हे बी आठवलं की वीस मिनिटं मी ट्रे हाणत होते, सरांचा अर्धा राहिलेला प्रश्न मी बी पुरा केला न्हाय.

"वाचली असती असं मला वाटतं," मी म्हटलं.

शंभर किलोचा गडी जागच्या जागी खाली बसला. कुणी धरलं न्हाय. बसल्या बसल्या पुढं सरकला आणि माझ्या पायावर डोकं ठेवायला वाकला.

मी पाय मागं घेतले.