गप्प म्हणजे होय

आमच्या दादाला एक खोड आहे. स्वतः हजार गोष्टी बोलायच्या, आणि मग आवरायला मला बोलवायचं. लहानपणी पसारा तो करायचा, केरसुणी माझ्या हातात. आता पसारा फोनवर होतो, एवढाच फरक.

आई बाथरूममध्ये पडली, उजवं मनगट मोडलं, प्लास्टर चढलं, आणि त्या दिवसापासून ‘आपलं घर’ नावाच्या आमच्या ग्रुपवर मेसेजचा नुसता पाऊस. आई, दादा, मी आणि धाकटा. धाकट्याला सगळे पिल्लू म्हणतात. टक्कल पडलं तरी पिल्लूच. डॉक्टरची चिठ्ठी, औषधांचे फोटो, कुणी कधी जायचं, कमोडला दांडी बसवायची की नाही, आणि मध्येच पिल्लूचे सुप्रभात.

मी ऑफिसात मीटिंगचे वृत्तांत लिहिते. त्यामुळे दादाचा मेसेज आला, “तू हे सगळं नीट उतरवून काढ. काय ठरलं, काय बाकी आहे. संध्याकाळी एजंटला कळवायचंय.”

“कसला एजंट?”

“अगं, घर विकायचं ठरलंय ना!”

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. कधी ठरलं? मी काय झोपले होते?

“वर वाच,” तो म्हणाला. “मी तर फोनलाच सांगितलं थोडक्यात काढायला. त्यानेही तेच काढलंय.” आणि त्याने ते चिकटवलं: निर्णय, घर विकणे, आईने तिघांकडे चार-चार महिने राहणे.

जेवणाच्या सुट्टीत मी रिकाम्या मीटिंगरूममध्ये जाऊन बसले आणि अगदी पहिल्या मेसेजपासून वाचायला घेतलं. हे काम मला येतं. एखादी गोष्ट नुसती सुचवली की ठरली, हे बघायचं. कुणी ‘हो’ म्हटलं, ते शोधायचं. नंतर कुणी मत बदललं का, तेही बघायचं. अंगठा दाखवला म्हणजे होकार, असं धरायचं नाही. आमच्या घरात अंगठा म्हणजे ‘वाचलं, आता जाऊ दे’.

दांडी बसवायची: ठरलं, पिल्लूने माणूस पाठवला. फिजिओथेरपी: ठरलं, मी नेणार. आणि घर? दादाचा मेसेज होता, “समजा, घर विकलं तर?” त्यावर पिल्लूने विचारलं, “किती येतील?” मग दोघे दराच्या गप्पांत रंगले, एजंट आला, विक्रीचा महिनाही आला, आणि तो ‘समजा’ वाटेतच गळून पडला. ‘हो, विकूया’ असं कुणीच म्हटलं नव्हतं. मीही नाही. आणि घर तर आईच्या नावावर! तिचं एक अक्षर नव्हतं.

अक्षर कसं असणार? हात प्लास्टरमध्ये. पण मध्ये मध्ये तिचे आवाजी निरोप होते. ते मी ऐकलेच नव्हते. ‘संध्याकाळी ऐकू’ म्हणून राहून गेले होते. फोनच्या सारांशातही ते नव्हते. त्याने फक्त लिहिलेलं वाचलं होतं. मी दार लावलं आणि एक लावला.

“हे बघा, मला कुणाकडे यायचं नाहीये,” आई म्हणत होती. मागे कुकरची शिट्टी. “मी माझ्या घरात बरी आहे. खालच्या मजल्यावरची नर्सबाई रात्री झोपायला यायला तयार आहे, मी बोललेय तिच्याशी. कुणाला काही म्हणायचं असेल तर सांगा बाबांनो. नाहीतर मी तिला हो म्हणते.”

दादाच्या ‘समजा’च्या कितीतरी आधीचा निरोप. पुढच्या निरोपात तिचा आवाज जरा बारीक होता. “ऐकलंत का? माझ्याकडे तो माइक निळा होत नाहीये. सगळ्यांनी ऐकलं की निळा होतो म्हणे.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आणि मग असा संताप आला म्हणता! दादावर, पिल्लूवर, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर.

मी दादाला फोन लावला. “घर विकायचं कोण म्हणालं?”

“कुणी नाही म्हणालं का?” तो म्हणाला. “एवढे दिवस झाले. गप्प म्हणजे होय. आपल्याकडे असंच चालतं.”

“नक्की?”

“अगं नक्की. लिही.”

मी लिहिलं. ठरलेल्यात पहिल्या ओळीवर: आई स्वतःच्याच घरात राहणार, रात्री नर्सबाई सोबतीला. मांडलं आईने, आक्षेप कुणाचा नाही. आणि बाकी प्रश्नांत: घर विकायचं का? आईला विचारलेलं नाही. पाठवून दिलं.

मिनिटात फोन. “हा काय चावटपणा लावलायस? आई कधी म्हणाली?”

“निरोप ऐक.”

“मी नव्हता ऐकला, मग माझी संमती कशी धरतेस?”

“तू गप्प होतास ना, दादा?”

तो काहीतरी ओरडला, मी त्याहून ओरडले. बाबा होते तेव्हाची काळजी, आईची काळजी, कुणी किती केलं, सगळं निघालं. पिल्लू मध्येच जोडला गेला आणि म्हणाला, “तुम्ही दोघं भांडू नका ना,” म्हणजे नेहमीचंच. काचेबाहेर आमचा साहेब उभा राहून बघत होता. बघू दे म्हटलं.

फोन ठेवला तोच आईचा आला.

“मी ऐकलं हो सगळं.”

“तू कुठून ऐकलंस?”

“दादाचा आधी मला फोन होता, तो चालूच राहिला. आणि तुझंही वाचलं मी. छान लिहिलंयस. पण काढून टाक ते.”

“का म्हणून?”

“घर विकायचं ते ठरलेल्यात घाल. प्रश्न म्हणून राहिलं तर तुम्ही तिघं त्याच्यावर आयुष्यभर भांडाल. एवढ्याशा घरासाठी काय गं?”

“आई, तुला राहायचंय ना तिथे?”

ती काही बोलली नाही. मी वाट बघितली. मग मलाच माझी शरम वाटली, कारण तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मला चांगला कळत होता.

“ठरलेल्यात घालायचं तर कुणी ठरवलं ते लिहावं लागतं,” मी चिडून म्हणाले. “मी माझं नाव घालणार नाही. दादाचंही नाही.”

“माझं घाल,” आई म्हणाली.

किती वेळा नाही म्हटलं मी तिला! पण तिचा हट्ट म्हणजे हट्ट. शेवटी लिहिलं: घर विकणे. आईने चार-चार महिने तिघांकडे. निर्णय: आईचा. बाकी प्रश्न: नाहीत.

दादाचा अंगठा आला. पिल्लूचा अंगठा, वर दोन फुलं. दादाने ते वर टाचून ठेवलं, म्हणजे कुणी विसरायला नको. मग त्या दोघांनी, इतक्या दिवसांनी, आईचे निरोप ऐकले असावेत. कारण आईने डाव्या हाताने एवढंच टाइप केलं: “निळे झाले.”

थोड्या वेळाने पिल्लूने विचारलं, “मग पहिले चार महिने कुणाकडे?”

दादा लिहितोय असं वर दिसलं, आणि दिसायचं थांबलं. मी ‘माझ्याकडे’ लिहिलं. मग घरातली दोन खोल्यांची अडचण आठवली, नवऱ्याचा चेहरा आठवला, आणि पुसलं. नवऱ्याला एकदा विचारून मग सांगू, असं मनाशीच म्हटलं.

ऑफिस सुटेपर्यंत मी फोन बघत होते. कुणीच काही बोललं नव्हतं. आईच्या नावाखाली ‘ऑनलाइन’ दिसत होतं.