फिनिशर कधी सुरू केलं

पंढरीशेट मुखेडचा कोंबड्यांचा व्यापारी. मे महिन्यात, पक्षी अडतीस दिवसांचे झाले की त्याच दिवशी आमचा माल उचलतो म्हणाला आणि सत्तेचाळिसाव्या दिवशी आला. मधले नऊ दिवस फोन केला की गाडी निघालीच आहे म्हणायचा. तोवर पक्षी तीन किलोच्या वर गेले, खाद्य नुसतं पोटात रिचवत बसले आणि वरून ऊन. दुपारी धापा टाकत माना टाकायचे. मेलेल्यांसाठी खड्डा मी स्वतः खणला. शेवटी आला तेव्हा नाकाला रुमाल लावून बांधावर उभा राहिला. "लई जड झालेत वहिनी, असल्या मालाला गिऱ्हाईक न्हाई," म्हणाला आणि भाव पाडून घेऊन गेला. त्या रुमालाआडून तो हसत होता. माझा नवरा भुजंग म्हणतो, हसत नव्हता. भुजंगचं सोडा, त्याला सगळेच देवमाणूस वाटतात.

पुढची पिल्लं अकरा जूनला आली. त्याच दिवशी ठरवलं, या माणसाला तोंडघशी पाडायचं.

पंढरीशेटची एक खोड होती. पिल्लांचं वय तो कुणाला विचारत नसे. शेतकरी लवकर माल खपवायला दिवस वाढवून सांगतात, असं त्याचं म्हणणं. रोगराईच्या भीतीने शेडमध्ये परक्याला कुणी सोडत नाही, म्हणून तो बाहेरूनच खाद्याची पोती बघायचा. पहिले दहा दिवस प्री-स्टार्टर, मग एकविसाव्यापर्यंत स्टार्टर, बाविसाव्यापासून विक्रीपर्यंत फिनिशर. स्टार्टर महाग, म्हणून एक दिवससुद्धा जास्त कुणी घालत नाही. पोती बघून वय काढायचं, हा त्याचा हिशेब कधी चुकला नव्हता.

मी प्री-स्टार्टर वेळेवर बदललं, बावीस जूनला स्टार्टर लावलं. फिनिशर तीन जुलैला लावायचं, ते लावलंच नाही. भुजंग चिडला.

"आगं, चार दिस महागाचं खाद्य कशाला घालून राहिलीस?"

"पक्षी चांगले भरतेत."

ते खोटं नव्हतं. पण खरं कारण मी त्याला सांगितलं नाही, कारण त्याच्या पोटात काही राहत नाही.

सात जुलैला, म्हणजे सव्विसाव्या दिवशी, फिनिशरची पोती उतरवली आणि बरोबर त्याच वेळी पंढरीशेटला बोलावून घेतलं. गाडीवरून उतरला, पोत्यांवर नजर टाकली.

"फिनिशर आजच सुरू केलं का?"

"हाव, आजच."

त्याने बोटांवर मोजलं. "म्हंजे आज बाविसावा. तेवीस तारखेला अडतिसावा. गटारीच्या आदल्या दिशी येतो बगा. तवर दुसऱ्याला इचारू नका, बारका माल कोनी घेत न्हाई."

"या की," मी म्हणाले. चहासुद्धा पाजला. इतका गोड चहा मी जन्मात केला नसेल.

तेवीस जुलैला माझे पक्षी बेचाळीस दिवसांचे होणार होते. तेवढं थांबायला मी वेडी नव्हते. एकोणीस तारखेला, खऱ्या अडतिसाव्या दिवशी, नांदेडचा दुसरा व्यापारी वैजनाथ पहाटे गाडी घेऊन आला आणि दोन-सव्वादोन किलोचा एकसारखा माल भरून घेऊन गेला. मी तूस काढलं, शेड धुतलं, चुना मारला आणि वाट बघत बसले.

तेवीसला सकाळी पंढरीशेटची गाडी आली. वर रिकामे क्रेट रचलेले. शेडच्या जाळीला डोळा लावून तो बराच वेळ उभा राहिला.

"माल कुठं गेला, वहिनी?"

"इकला. बेचाळीस दिसाचा होऊ द्यायचा का?"

"बेचाळीस? तुम्ही तर फिनिशर..."

"फिनिशर इचारलं, सांगितलं. वय कुठं इचारलं?"

त्याचं तोंड पांढरं पडलं. गटारीला मुखेडच्या चार दुकानदारांना त्याने शब्द दिला होता. तेवढ्यात फोन वाजू लागला, पलीकडून शिव्या मला बाजेवर बसून ऐकू येत होत्या. तो "आलो, आलो" म्हणत होता आणि मला बरं वाटत होतं. मनापासून, पोटभर बरं वाटत होतं.

फोन ठेवून तो माझ्याकडे वळला. आवाज पार उतरला होता. "वहिनी, हात जोडतो. आजूबाजूला कुनाकडं तयार माल हाय का? म्हनाल त्यो भाव देतो."

होता. शेजारच्या गावातल्या साखराबाईकडे. विधवा बाई, एकटीने शेड चालवते. तिच्या व्यापाऱ्याने ऐन वेळी हात वर केले होते. तिने सकाळीच रडत फोन केला होता, कुणाची रिकामी गाडी दिसली तर कळव म्हणून. एकदा श्रावण लागला की तिचे पक्षी कोण घेणार होतं?

गाडी माझ्या दारात उभी होती, रिकामी. फोन माझ्या हातात होता.

"न्हाई," मी म्हणाले. "कुनाकडंच न्हाई."