कोऱ्या रकान्यांची वर्गणी

पोलिस ॲक्शननंतर निजामाचा सेन्सॉर गेला आणि आमच्या काचीगुड्याच्या साप्ताहिकाची वर्गणी संपत आली. व्यवस्थापक मी, त्यामुळे स्मरणपत्र मीच लिहिलं: ‘गेल्या वर्षी आपणांस शेतीचे सल्ले, बाजारभाव, दिवाळी अंक मिळाला. सेन्सॉरने कोरे ठेवलेले रकाने आता बातम्यांनी भरून मिळतील. सोबतच्या कार्डावर सही करून पाठवा, वर्गणी न्यायला आमचा माणूस घरी येईल.’

अंबरपेठचे हिंमतराव कार्ड घेऊन स्वतःच कचेरीत आले. कार्डावर सही नव्हती.

“नरहरपंत, ते कोरे रकाने बंद करताय?”

“बंद कसले, भरतोय. चांगलंच आहे की.”

“नक्को. कोरा रकाना आला की पूरी गल्ली आमच्या ओट्यावर जमायची. आत काय असेल, त्यावर रात्रीपर्यंत वाद. बायको भामा चहा करून थकायची. तुमचे शेतीचे सल्ले कुणी वाचले नाहीत.”

ते सल्ले मी लिहायचो.

“आता छापून आलेलं वाचून लोक आपापल्या घरी जातील,” ते म्हणाले.

माझं डोकं फिरलं. “मग काय सेन्सॉरला परत बोलावू?”

“एवढं कशाला? एखादा रकाना तुम्हीच कोरा सोडा.”

सही घेतल्याशिवाय माणूस जाऊ द्यायचा नाही, हा माझा नियम. पुढच्या अंकात मी एक रकाना कोरा सोडला. शेतीच्या सल्ल्याचा.

त्या आठवड्यात अंबरपेठेतून सात नवे वर्गणीदार आले.