आजीचा घसरता पाय

पडद्यावर आजी दारातून टेबलाकडे चालत निघाली, आणि अर्ध्या वाटेत धूसर झाली. भावजयीच्या मनात पाल चुकचुकली.

आजी तिने काढली होती, एकेक चित्र करून. त्या चित्रांचे थर एकावर एक रचून अ‍ॅनिमेशनचा शॉट पुरा करायचं काम तिच्या नणंदेचं. घरी आणि स्टुडिओत सगळे तिला ताईच म्हणत. पुढे टेबलावरची किटली, मधे आजी, मागे भिंत. सगळं कागदासारखं सपाट. कुठला थर किती धूसर करायचा, ते ताई ठरवायची आणि त्यातून खोली खोल वाटायला लागायची.

ठरलं असं होतं की आजी खुर्चीत बसली की मग नजर किटलीवर जाईल. इथे तर आजी चालत असतानाच किटली स्पष्ट झाली होती. वर कॅमेराही थरथरत होता.

"ताई, आजी आधीच का पुसली?"

"पुसली नाही गं, फोकस सरकवलाय. बरं दिसतं." ताईने मान वर केली नाही.

बरं कुणाला दिसतं, असं भावजयीच्या ओठांवर आलं होतं. या नोकरीसाठी ताईने शब्द टाकला होता, पण तोंडदेखलाच, असं तिला पहिल्यापासून वाटायचं. आता आपलं काम सरांच्या, म्हणजे दिग्दर्शकांच्या, डोळ्यांआड ठेवायचं चाललं होतं म्हणायचं.

दुपारी सरांनी शॉट पाहिला. पुन्हा लावायला सांगितला.

"कॅमेरा का हलतोय?"

"हातात धरल्यासारखा वाटावा म्हणून," ताई म्हणाली.

"हातातला कॅमेरा पहिल्यापासून हलतो. हा मधेच हलायला लागला आणि मधेच थांबला. दार आपटलं नाही, काही पडलं नाही. काय झाकताय?"

"काही नाही सर."

"मग उद्या थरथर काढून दाखवा."

ताई जेवायला गेली तेव्हा भावजयीने तिच्या खुर्चीत बसून फाइल उघडली. चोरासारखं वाटत होतं, तरी उघडली. थरथर नीट बेतलेली होती. किटली जास्त हलत होती, आजी त्याहून कमी, भिंत जेमतेम. कडा उघड्या पडू नयेत म्हणून चित्र किंचित मोठं केलेलं. ताईचा हात कच्चा नव्हता, हे कबूल करावंच लागलं.

तिने थरथर बंद केली. मग धूसरपणा बंद केला.

आजी लख्ख दिसली, आणि तिचा पायही. कॅमेरा आजीबरोबर चालत होता, म्हणजे चौकटीत जमीन मागे सरकत होती. टेकलेला पाय जमिनीला चिकटून तेवढाच मागे जायला हवा होता. तो कमी जात होता. आजी बर्फावरून चालल्यासारखी घसरत होती.

चूक भावजयीच्याच चित्रांत होती. पण अजून एक गोष्ट तिच्या लक्षात आली. आजीच्या थराला ताईने आणखी एक बारीक हालचाल दिली होती, पाय जमिनीला धरून राहावा म्हणून मागे ओढणारी. ती चालू केली की पायाचं घसरणं थांबे, पण सगळी आजीच धक्के खात चाले. धक्के लपवायला थरथर, आणि उरलंसुरलं लपवायला धूसरपणा.

"सापडलं?" ताई मागे उभी होती.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

ताई माझ्या चुकाच शोधते, हेच भावजय नवऱ्याला सांगत बसली असती.

"झाकून गेलं असतं," ताई म्हणाली. "सरांची नजर घारीची आहे, हे विसरले."

"आणि नंतर कधीतरी चूक माझी म्हणून माझं नाव पुढे केलं असतंत?"

ताईचा चेहरा उतरला. "एवढं वाटतं तुला माझ्याबद्दल?"

भावजय उठून सरांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "पाय माझा घसरतोय सर. ताईंनी सावरायला बघितलं. चालणं मी नव्याने काढते."

सर एवढंच म्हणाले, "काढा."

तिने काढलं. या वेळी मागची जमीन डोळ्यांसमोर ठेवून, प्रत्येक पाऊल तिच्यावर टेकवत. ताईने थरथर काढून टाकली. आजी बसली, मग फोकस हळूच किटलीवर आला, जरा पुढे जाऊन परत जागेवर स्थिरावला.

"झालं," ताई म्हणाली.

"एकदा ब्लर बंद करून दाखवा," भावजय म्हणाली.

ताईने तिच्याकडे पाहिलं. मग धूसरपणा बंद केला. आजी चालली, पाय जिथे टेकला तिथेच राहिला.

"बघितलंस?"

"बघितलं."

"आता ब्लर लावू परत?"

"लावा," भावजय म्हणाली, आणि तो लागेपर्यंत तिथेच उभी राहिली.