गोल चेहऱ्याची फ्रेम

चिखलीतल्या चष्म्याच्या दुकानात शिरल्या शिरल्या ज्ञानदेवने सांगून टाकलं, “चौकोनी फ्रेम दाखवा, अरुंद. माझा चेहरा गोल आहे.”

त्याची बायको शालन दर वेळी हेच सांगायची. नंबर मोठा असल्यामुळे नुसती फ्रेम घालून त्याला आरशात धड काही दिसत नसे. बघायचं काम तिचंच. ती या उन्हाळ्यात वारली.

दुकानातल्या मिनलने चौकोनी फ्रेम त्याच्या नाकावर ठेवली आणि मान हलवली. “काका, चेहरा गोल कुठाय? लांबट आहे. ही अरुंद फ्रेम तो अजून लांब दाखवते. कामावर काय घालता?”

“चाकणला कंपनीत आहे. करडा युनिफॉर्म.”

“मग ही तपकिरी घ्या, उंचीला जरा मोठी. सावळ्या रंगाला खुलून दिसेल, करड्या शर्टावर चेहरा उतरल्यासारखा वाटणार नाही.”

“म्हणजे माझ्या बायकोला दिसत नाही की काय?”

मिनलने वाद घातला नाही. दोन्ही फ्रेम घालून त्याचे फोटो काढले आणि मोबाइल त्याच्या हातात दिला. ज्ञानदेवने जुना चष्मा लावून पाहिलं. गाल बसले होते, हनुवटी टोकदार झाली होती. शालनने हा चेहरा कधी पाहिलाच नव्हता.

“तपकिरीच बरी दिसते,” तो हळूच म्हणाला.

“काकूंना फोटो पाठवा ना. एकदा विचारून घ्या.”

“नको,” तो म्हणाला, “हीच बनवायला घ्या.”