शेवटची बस

मुनीबचं नायगावात कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि लातूरच्या एका क्लासची वेबसाइट त्याच्याकडे होती. क्लासचे मालक वीरभद्र सर किल्लारीच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात शिकलेले. पोरगं काही शोधायला आलं आणि रिकाम्या हाताने गेलं, हे त्यांना खपत नसे.

वेबसाइटच्या शोधपट्टीला फक्त देवनागरी कळायची. लोक मात्र लिहायचे, "mulinche वसतिगृह fee kiti". मुनीबने इंग्रजी अक्षरांचं देवनागरी करणारी सोय बसवली. कुणी vasatigruh लिहो की wastigruh, पान तेच उघडायचं. आणि काहीच जुळलं नाही, तर थेट प्रवेशाचा अर्ज. सर खूश.

"रिकामं पान दिसत न्हाई आता. लई बेस!"

मुनीबची लेक मनतशा क्लासच्याच वसतिगृहात होती. रविवारी चार ते पाच मोबाइल हाती मिळायचा, भेटायची वेळही तीच. तिथल्या वायफायवर क्लासच्या वेबसाइटखेरीज काही उघडत नसे. पहिल्या महिन्यात तिने विचारलं होतं, "अब्बू, इतवार को आते क्या?" तो म्हणाला होता, "परतायला बस कुठली बेटा? सोमवारी दुकान उघडावं लागतं." मग तिने तो विषय काढला नाही. फोनवर दर वेळी एकच, "मजे में हूं."

घरात तिची चप्पल अजून उंबऱ्याशीच होती. मुनीब ती उचलत नव्हता.

एका सोमवारी तो शोधांची यादी वाचत बसला. चार रविवार, चार वाजून काही मिनिटांनी, एकच ओळ: "latur te नायगाव shevatchi bus". नायगावची तिथे एकच मुलगी. बसचं पान नव्हतंच, म्हणून चारही वेळा तिच्यापुढे प्रवेशाचा अर्ज आला होता. पोरगी पळून यायला बघते आणि बाप तिला अर्ज दाखवतो!

त्याने डेपोत फोन करून वेळा विचारल्या आणि नांदेडला बदलायच्या गाड्यांसकट बसचं पान तयार केलं. सर आधी कुरकुरले, "पोरं पळतील की!" मग म्हणाले, "आमाला शोधायला घरच उरलं नव्हतं. टाक ते पान."

रविवारी मुनीब पहाटेच्या गाडीत बसला. चार वाजून काही मिनिटांनी वसतिगृहाच्या फाटकाशी मनतशा धावत आली. तिच्या हातातल्या मोबाइलवर तेच पान होतं.

"बेटा, घरी यायचंय ना? चल, सामान घे."

ती गोंधळली. "मैं कायकू आऊं? परीक्षा है मेरी." मग मान खाली घालून म्हणाली, "मैं तो तुम्हारी बस ढूंढ रही थी अब्बू. वापस जाने की. मिली तो तुम आते, करके."

पानावर साडेपाचची गाडी होती. नांदेडला पुढची मिळाली असती, दुकानही वेळेवर उघडलं असतं. बापलेक फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसले. पाचला मोबाइल परत घेतले गेले, पण भेटीची वेळ संपली म्हणून त्यांना कुणी उठवलं नाही. सहाला दिवे लागले. ती गाडी मुनीबने जाऊ दिली.